तळलेलं, गोड आणि इंदूर

"डॉक्टर म्हणाले, तीन गोष्टी बंद. तळलेलं, गोड आणि इंदूर."

आमच्या कॉलनीच्या गणपतीत बसवलेल्या एका छोट्या प्रहसनात काकांच्या तोंडी मुळात हे वाक्य होतं. नुसतं वाचलं तर फार तर ओठांची कड हलेल. पण आरती आटोपून, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन बसलेल्या इंदूरच्या मराठी मंडळींसमोर ते नीट पडलं तर अख्खा मांडव हसतो, आणि जरा वाकडं पडलं तर लोक द्रोणातली खिरापत निवडत राहतात. शब्द तेच, म्हणणारा तोच, ऐकणारेही तेच. मग हसू येतं कुठून आणि जातं कुठे, हा माझा जुना छंद आहे. लोक फुलझाडं लावतात, मी वाक्यं उलटीपालटी करत बसते.

विनोद लिहिणारी मंडळी याला 'रूल ऑफ थ्री' म्हणतात. दोन गोष्टी एका रांगेतल्या सांगायच्या आणि तिसरी रांग मोडणारी. नियम एवढाच. लहान मुलालाही सांगता येतो आणि म्हणूनच बहुतेक वेळा वाया जातो, कारण तो 'तिसऱ्याला काहीतरी विचित्र बोला' असा समजला जातो.

काकांचं वाक्य जरा सावकाश ऐकू. 'तळलेलं' हा शब्द पडतो तेव्हा ऐकणाऱ्याला अजून काही कळलेलं नसतं. पुढे काहीही येऊ शकतं: जिने चढणं, जागरण, चिडचिड. डॉक्टर काहीही बंद करू शकतात. मग 'गोड' येतं, आणि मोठी गोष्ट घडते ती इथे. दोन शब्दांमुळे दिशा ठरते. ही खाण्याची यादी आहे, हे कुणी न सांगता कळतं आणि ऐकणारा स्वतःच पुढचा शब्द भरून टाकतो. कुणाच्या मनात मीठ, कुणाच्या भात, कुणाच्या बटाटा. हा अंदाज आपण बांधलाय हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. तेवढ्यात 'इंदूर' येतं आणि त्याचा स्वतःचाच अंदाज त्याच्या पायात येतो. म्हणजे हसवणारा शब्द तिसरा असला तरी सगळं काम दुसऱ्याने केलेलं असतं.

इम्मानुएल कांटने 1790 साली असं काहीसं लिहून ठेवलंय की ताणलेल्या अपेक्षेचं एकाएकी काहीच नाही असं झालं की हसू फुटतं. कांट वाचून कुणी हसल्याचं ऐकिवात नाही, पण त्यातला 'ताणलेली' हा भाग मला फार पटतो. आधी ताण हवा. 'काहीच नाही' या भागाशी मात्र माझं भांडण आहे. तिसऱ्या जागी मी 'छत्री' टाकली असती तर अपेक्षा धाडकन पडलीच असती, पण हसलं कुणीच नसतं. 'इंदूर' चालतं, कारण ते उत्तर रांगेबाहेरचं असूनही बरोबर आहे. दिवसा सोन्या-चांदीचा असलेला सराफा रात्री दुकानांची शटरं पडली की खाण्याचा होतो आणि मध्यरात्र उलटली तरी हलत नाही. अशा गावात राहून तळलेलं आणि गोड बंद करणं म्हणजे गावच बंद करणं, हे ऐकणाऱ्याला अर्ध्या क्षणात पटतं. तिसऱ्याकडून दोन कामं हवीत: ते रांगेत बसू नये, आणि बसलं नाही तरी पहिल्या दोघांपेक्षा जास्त खरं वाटावं. दुसरं काम विसरलं की उरतो तो आचरटपणा.

मग दोनच का नकोत? "डॉक्टर म्हणाले, दोन गोष्टी बंद. तळलेलं आणि इंदूर." मोठ्याने म्हणून बघा. वाक्य चुरचुरीत आहे, स्मित येतं, पण पायाखालून काही निसटत नाही. एका शब्दाने रांग होत नाही, आणि नसलेली रांग मोडता येत नाही. चार केले तर? "तळलेलं, गोड, मैदा आणि इंदूर." मैद्याने नवी माहिती काहीच दिली नाही. दिशा 'गोड'लाच ठरली होती, त्यामुळे मैदा येईपर्यंत ऐकणारा रिकामा बसतो, आणि रिकामा बसलेला ऐकणारा विनोदाला घातक असतो, कारण तो पुढचं ओळखायला लागतो. तालमीत आम्ही हे चार शब्दांचं करून पाहिलं, तर कोपऱ्यात अभ्यासाचं सोंग घेऊन बसलेली माझी भाची 'आणि'वरच म्हणाली, "सराफा!" झालं. तिने ओळखलं आणि काकांचा शब्द शिळा झाला.

तीन या आकड्यात काही गूढ आहे, ब्रह्मा-विष्णू-महेश वगैरे, असं सांगणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. बेलाला तीन दळं असतात म्हणून माणसं हसत नाहीत. रांग उभी करून मोडायला लागणारा सगळ्यात छोटा आकडा तीन आहे, बस. विनोदाला एकही शब्द फुकट पोसणं परवडत नाही.

आता काकांचं काम करणाऱ्या गृहस्थांविषयी. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय विनोदी माणूस, आणि अडचण नेमकी तीच. त्यांना प्रत्येक शब्दावर हशा हवा असतो. पहिल्या तालमीला त्यांनी स्वतःहून सुधारून म्हटलं, "तळलेले गराडू, रात्री बारानंतरची जिलबी आणि इंदूर." सगळे हसले, पण 'बारानंतरची'वर हसले, आणि 'इंदूर' त्या हसण्यात बुडालं. शिवाय जे कानावर पडलं तेही फिकं लागलं. कारण उघड आहे. गराडू हा इकडचा कंद, आणि वर रात्री बारा म्हटल्यावर इंदूर आधीच खोलीत येऊन बसलं. तिसऱ्याने उघडायचं दार दुसऱ्यानेच सताड उघडं ठेवलं.

"अहो काका, पहिल्या दोन ठिकाणी हसवायचं नाही," मी म्हटलं.

"मग तिथे मी करू काय?"

"रिपोर्ट वाचा. रक्ताचा."

त्यांना ते पटलं नाही, पण मनावर घेतलं. 'तळलेलं' आणि 'गोड' हे शब्द मुद्दाम इतके नीरस आहेत की कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही डॉक्टरच्या तोंडी शोभतील. पहिल्या दोन शब्दांत जराही चमक दिसली की ऐकणाऱ्याला कळतं, इथे काहीतरी शिजतंय, आणि तो सावध होतो. गराडूबद्दल आणखी एक भानगड झाली. तालीम बघायला आलेल्या एका आजींनी विचारलं, "भाद्रपदात गराडू कुठले रे बाबा?" बरोबरच होतं त्यांचं. गराडू थंडीतले. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस. ही निव्वळ चिकित्सा वाटेल, पण पहिल्या दोन शब्दांतली माहिती खटकली तर माणूस तिथेच अडखळतो, रांग धरतच नाही आणि तिसऱ्या शब्दाला त्याच्याकडे मोडण्यासारखं काही उरत नाही.

यापुढची अडचण खास आपली, मराठीची. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं. सरळ मराठीत हे वाक्य असं होईल: "डॉक्टरांनी काकांना तळलेलं, गोड आणि इंदूर बंद करायला सांगितलंय." व्याकरण चोख, विनोद मेलेला. हसवणारा शब्द मध्ये अडकला आणि त्याच्यामागे 'बंद करायला सांगितलंय' ही लांब शेपटी. लोक 'इंदूर'वर हसायला तोंड उघडतात, तेवढ्यात नट अजून बोलतोय असं दिसतं, मग सभ्य माणसं हसू आवरून पुढचं ऐकतात. पुढे ऐकण्यासारखं काही नसतं. तोवर हसूही गेलेलं असतं.

म्हणून क्रियापद आधी उरकून घ्यायचं. "डॉक्टर म्हणाले, तीन गोष्टी बंद." काम झालं, पूर्णविराम पडला, आता पुढे फक्त नावं. शेवटचा शब्द खरंच शेवटचा. बोलण्याच्या मराठीत यासाठी सोयी भरपूर आहेत: 'बंद काय काय, तर...', 'आणलंन काय, तर...', 'भेटलं कोण, तर...'. आमच्या आजीला नाव ठाऊक नसलेला नियम या 'तर'मुळे अचूक साधत असे. गोष्ट सांगताना ती 'तर' म्हणून पानाला चुना लावत बसायची, आणि आम्ही श्वास धरून.

दुसरा उपाय म्हणजे क्रियापद तिन्हीकडे सारखं लावणं: "तळलेलं बंद, गोड बंद, इंदूर बंद." इथे शेपटी आहे, पण ती माहीत झालेली आहे. तिसऱ्या वेळी 'बंद' हशात बुडालं तरी कुणाचं काही अडत नाही. लय छान मिळते, काकांना हे वाक्य जास्त आवडायचंही. पण त्यात एक खोच निघाली. 'इंदूर बंद' म्हटलं की काहींना संप, मोर्चा, बंद दुकानं आठवतात. हशा दोन ठिकाणी वाटला गेला. निम्मे खाण्यावर हसले, निम्मे बंदवर, आणि थोडे हे नक्की कशाबद्दल चाललंय या विचारात. कागदावर श्लेष बघून लिहिणाऱ्याला गुदगुल्या होतात. रंगमंचावर दोन अर्थ एकदम आले की एकमेकांच्या आड येतात. आम्ही तो काढला.

हे सगळं कळतं कसं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एकच हत्यार आहे. तालमीत आणि प्रयोगात फोन रेकॉर्डिंगला लावून पहिल्या रांगेतल्या खुर्चीखाली ठेवायचा, आणि घरी येऊन फक्त हसणं ऐकायचं. ते किती मोठं आहे यापेक्षा ते कुठल्या अक्षरावर सुरू होतं ते बघायचं. 'इं'च्या आधीच खसखस पिकली असेल तर लोकांनी ओळखलंय, पहिल्या दोन शब्दांत कुठेतरी गळती आहे. 'इंदूर' संपून क्षणभर शांतता आणि मग हसू आलं, तर एक तर शब्द नीट ऐकू गेला नाही किंवा लोकांना जोडणी लावायला वेळ लागला. आणि हसू वेळेवर येऊन पटकन विझलं, तर नट पुढचं वाक्य घाईने बोललाय. हे शेवटचं तर नेहमीचंच आहे. नटाला शांततेची भीती वाटते.

इथवर नियम पाळण्याची गोष्ट झाली. पण प्रेक्षकही हा नियम जाणतात, त्याचं नाव माहीत नसलं तरी. शाळेपासून आपण 'एक अमेरिकन, एक जपानी आणि एक भारतीय' या जातीचे विनोद ऐकत आलोय. अमेरिकन फुशारकी मारतो, जपानी त्याहून मोठी मारतो, आणि आपला माणूस दोघांना गप्प करतो. तिसऱ्याला काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त कसं ते ठाऊक नसतं. असा विनोद सुरू झाला की लोक दुसऱ्याच्या बोलण्यातच हसायची तयारी करून बसतात. आमच्या माळव्यात तर म्हणच आहे, 'तीन तिगाडा, काम बिगाडा'. तिसरा आला की बिघाड होणार, हे लोकांनी गृहीतच धरलंय.

मग रांग मोडणं हीच रांग होते. प्रहसनात असे तीन-तीनचे विनोद ओळीने चार-पाच आले की मांडवातला माणूस न कळत मोजायला लागतो: एक, दोन, आता गंमत. त्याचा अंदाज आता 'मीठ' किंवा 'भात' राहिलेला नाही. त्याचा अंदाज आहे, 'आता काहीतरी भलतंच येणार'. आणि भलतं आलं की तो हसतो, पण कर्तव्य म्हणून. नियम मुद्दाम मोडायची वेळ ती हीच. ऐकणारा मोजत नसेल तर मोडण्यात अर्थ नाही, त्याला नुसतं वाक्य बिघडलेलं वाटेल.

मोडायचं कसं, हे मला तबल्याने शिकवलं. इंदूर ऐकणाऱ्यांचं गाव आहे. गाण्याच्या बैठकीत तिहाई सुरू झाली की शेजारचा माणूस मांडीवर समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत असतो. एकच बोल तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट बरोब्बर समेवर. विनोदाच्या उलट आहे हे, तिथे तिसरा जागेवर पडण्यातच सुख आहे. पण उस्ताद माणूस कधीकधी मुद्दाम समेच्या जरा आधीच उतरतो, त्याला अनागत म्हणतात, किंवा सम ओलांडून पुढे उतरतो, ते अतीत. दोन्हीत सम कुठे होती हे ऐकणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं लागतं. नाहीतर वादक चुकला असंच वाटेल. विनोदातही आधी उतरणं आणि नंतर उतरणं, हे दोन रस्ते मला सगळ्यात जास्त कामाचे वाटतात.

नंतर उतरण्याचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. तिसऱ्या जागी, जिथे लोक गंमत येणार म्हणून तयार बसलेत, तिथे सरळ शब्द ठेवायचा. "तळलेलं, गोड, मीठ." लोक थबकतात. हे तर खरंच डॉक्टरांनी सांगितल्यासारखं झालं. त्यांची तयारी फुकट गेली, क्षणभर त्यांना वाटतं आपलंच चुकलं, आणि ते सैल होतात. त्या सैल क्षणात काकू म्हणतात, "आणि सराफ्याच्या बाजूने घरी येणं." चौथा आला, तोही दुसऱ्याच्या तोंडून. मघाशी मैदा घालून केलेल्या चारांत आणि या चारांत फरक काय? तिथे ऐकणारा मोजत नव्हता, म्हणून मैदा ओझं झाला. इथे तो मोजतोय, म्हणून मिठाने त्याची मोजणी संपवली आणि पहारा उठवला. मीठ ज्या थंडपणे म्हटलं जातं त्यावर सगळं अवलंबून आहे. काकांनी 'मीठ' म्हणताना भुवई जराशी जरी उचलली तरी लोकांना कळतं की अजून काहीतरी शिल्लक आहे.

मुलं शर्यत लावताना म्हणतात ना, 'एक... दोन... साडे... माडे... तीन!' तीही अतीतच. तीनच्या आधी दोन निरर्थक पायऱ्या घुसवून तीन पुढे ढकलायचा. गंमत म्हणजे प्रत्येक मुलाला साडेमाडे येणार हे माहीत असतं आणि तरी एखादा दोनवरच पळत सुटतो. कान मोजतात, पण पाय त्याच्याही आधी मोजतात.

आधी उतरणं, म्हणजे दोनवरच थांबणं, फार अवघड. प्रयोगात आम्ही शेवटी हेच ठेवलं. ते असं.

काका दवाखान्यातून येतात, चप्पल काढतात, खुर्चीत बसतात. काकू विचारतात, "काय म्हणाले डॉक्टर?"

"तीन गोष्टी बंद म्हणाले."

"कुठल्या?"

"तळलेलं... गोड..."

आणि थांबायचं. काका टेबलावरचा पेपर उचलतात आणि वाचायला लागतात.

या थांबण्याचे नियम आहेत. 'तीन गोष्टी' हा आकडा आधी बोललाच पाहिजे. नाहीतर दोनच होत्या असं वाटून लोक पुढे जातात. सरळ विनोदात मी तो आकडा शक्यतो टाळते, कारण त्याने लोक मोजायला लागतात. इथे तेच हवंय. दुसरं, 'गोड' म्हणताना आवाज खाली पडता कामा नये. यादी अजून चालू आहे असा सूर लोंबकळत राहिला पाहिजे, 'आणि' तोंडावर आलंय पण बाहेर पडलेलं नाही, असा. तिसरं, हाताला काम हवं. काकांनी नुसतं शून्यात बघितलं तर लोकांना वाटतं हे संवाद विसरले. पेपर उचलला की कळतं, हा माणूस तिसरी गोष्ट लपवतोय.

ती शांतता तालमीत मरणाची लांब वाटली. प्रयोगात फोनवर ऐकली तर आधी काहीच नाही, मग डावीकडून एक बाई हसल्या, मग त्यांच्या आसपासचे, मग हळूहळू सगळीकडे. भरताने नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार मोजलेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. 'इंदूर' म्हटलं की लोक एका झटक्यात तिसऱ्या-चौथ्या पायरीवर जातात आणि लगेच खाली येतात. दोनवर थांबलं की ते पहिल्या पायरीवरून स्वतःच्या पायांनी चढतात, कारण तिसरा शब्द ज्याचा त्याने घातलेला असतो. मागच्या रांगेतल्या एका मुलाने तर मोठ्याने 'सराफा' म्हणून घातलाही. मघाशी भाचीने तो म्हटला तेव्हा विनोद मेला होता, इथे तो जगला. काकांना पुढे म्हणायचं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे त्या मुलाने कुणाचा शब्द चोरला नाही.

पण मोकळी सोडलेली जागा तशीच टाकून देता येत नाही. लोक ती विसरतात. आमच्या प्रहसनात पुढे दहा-बारा मिनिटांनी सराफ्याचा प्रवेश आहे. काका तोंडाला रुमाल बांधून भुट्ट्याचा कीस खातायत आणि शेजारी द्रोण घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे तेच डॉक्टर. इतका वेळ ती जागा जिवंत कशी ठेवायची? पहिल्या मसुद्यात आम्ही काहीच केलं नव्हतं आणि तालमीत डॉक्टर आले तेव्हा लोकांना तिसऱ्या गोष्टीची आठवणच नव्हती. मग मध्ये, भाजी निवडताना, काकूंना एक वाक्य दिलं: "अहो, तिसरी काय ती सांगितलीच नाहीत तुम्ही." काका विषय बदलतात. यावर हशा अपेक्षित नाही. एक खुंटी ठोकून ठेवली, एवढंच. आणि सराफ्यात काकू शोधत येतात, नवऱ्याकडे न बघता थेट डॉक्टरांना विचारतात, "ती तिसरी गोष्ट कुठली हो?"

मोजलंत? काकूंनी तीनदा विचारलं. दवाखान्यातून आल्यावर एकदा, भाजी निवडताना एकदा आणि इथे. दोनदा नवऱ्याला, तिसऱ्यांदा भलत्यालाच. छोटा तीन मोडला तर तो मोठ्या तीनात जाऊन बसला. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, कागदावर बघताना दिसलं. पण मला आता वाटतं की दोनवर थांबलेला विनोद टिकतो तो असाच, कुठल्यातरी मोठ्या रांगेचा आधार मिळाला तर.

डॉक्टरांनी उत्तर काय द्यायचं यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. काकांचं म्हणणं, इथे 'इंदूर' म्हणू द्या. म्हणून पाहिलं. पडलं. इतक्या वेळात लोकांनी आपापला शब्द पक्का केला होता, आणि तो सांगून आपण फक्त त्यांची उत्तरपत्रिका तपासली. मग डॉक्टर तोंडात घास असल्याची खूण करतात, एक बोट वर करतात, सावकाश चावतात, आणि म्हणतात, "वहिनी, जीरावन द्या जरा." मागितला तो फक्त वरून भुरभुरायचा मसाला. हे चाललं. प्रश्न तसाच राहिला आणि माणूस पकडला गेला.

एका संध्याकाळी असं एकदाच करता येतं. त्यानंतर लगेच येणारा तीनाचा विनोद आम्ही अगदी सरळ, नियमात ठेवला: दोन रांगेतले, तिसरा बाहेरचा. लागोपाठ दोनदा मोडलं की लोक मोजणं सोडून देतात, आणि मोजणंच सुटलं की मग ना नियम चालतो ना नियमभंग.

आणखी एक मर्यादा आहे, ती गावाची. हेच प्रहसन पुण्याला नातेवाइकांच्या सोसायटीत करा म्हणून आमंत्रण आलंय. तिथे दोनवर थांबता येणार नाही. पुण्यातला माणूस रिकाम्या जागेत 'मीठ' भरेल आणि पेपर वाचणाऱ्या काकांकडे बघत बसेल. 'इंदूर' म्हटलं तरी ते अर्ध्या क्षणाने उशिरा पोचेल, आणि सराफा म्हणजे काय हे आधी समजावून सांगायला गेलं की मग विनोद उरणारच नाही. म्हणून पुण्यासाठी काका पुण्याचेच केले, आणि वाक्य असं केलं: "बंद काय काय, तर तळलेलं, गोड आणि सासुरवाडी." जावयाला सासुरवाडीत काय खाऊ घालतात हे कुठल्याही गावात सांगावं लागत नाही. शब्द जरा लांब आहे, 'इंदूर'सारखा ठक्कन पडत नाही, म्हणून काकांना 'गोड'नंतर कमी थांबायला सांगितलंय. काकूंचं काम करणाऱ्या बाईंनी मात्र हे वाक्य आपल्याला चालणार नाही असं कळवलंय. त्यांचं माहेर इथलं, रामबागेतलं.